बाथरूमच्या नकाशावरून पाइप आणि फिटिंगची यादी: मोबाइलवरच्या शीटमध्ये नेमका हिशोब

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या घरी, रत्नागिरीजवळ पावसच्या बाजूला, घराच्या आत बाथरूम बांधायचं काम सुरू होतं. जुनी न्हाणी मागच्या दारी आहे, दोन पायऱ्या उतरून. आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी पायऱ्या बंद म्हणून सांगितलं होतं. तिला घरी आणायच्या आधी, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी, हे काम संपायला हवं होतं.

मी पुण्यात. बाबांनी नकाशाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि विचारलं, "मेस्त्री सामानाची यादी मागतोय. तू इंजिनिअर ना, बघ जरा." मी फोटो मोठा केला, नळ ते नळ अंतरं मिळवली आणि दहा मिनिटांत उत्तर दिलं: पाऊण इंची पाइप २ लेंथ, एल्बो २, टी ४. बाबा रत्नागिरीला जाऊन सामान घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. गिझरची लाइन बाकी आणि पाइप संपला. एल्बो तर सकाळीच संपले होते. सामान आणायला अर्धा दिवस गेला, तोवर मेस्त्री दुसऱ्या साइटवर निघून गेले आणि पाचव्या दिवशी परत आले. तेवढे दिवस आजी आत्याकडे राहिली. मेस्त्री मला फोनवर एवढंच म्हणाले, "अहो, नकाशात भिंत झोपलेली असते. पाइप उभ्या भिंतीत जातो."

माझी चूक नेमकी तीच होती. त्यानंतर मी तोच हिशोब नीट मांडला. तो इथे जसाच्या तसा देतोय, म्हणजे तुमच्या घरी काम निघेल तेव्हा तुम्ही फोनवरच करू शकाल. हा हिशोब फक्त नळाच्या पाण्याच्या लाइनचा आहे. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो, त्याचं गणित वेगळं आहे. त्याबद्दल शेवटी थोडं.

## नकाशाचा फोटो: काय वाचायचं, काय नाही

नकाशा म्हणजे छप्पर काढून वरून पाहिलेली खोली. त्यात लांबी आणि रुंदी असते, उंची नसते. कमोड कुठे, बेसिन कुठे, दार कुठे हे कळतं. पण नळ जमिनीपासून किती वर आहे, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

फोटोवरून वाचताना लिहिलेले आकडेच घ्या. स्क्रीनवर पट्टी धरून मोजू नका. फोटो थोडा तिरका काढला असेल तर कागदाची लांबची बाजू लहान दिसते आणि सगळी प्रमाणं बिघडतात. एखादं अंतर लिहिलेलंच नसेल तर घरच्यांना टेप घेऊन जागेवर मोजायला सांगा.

दुसरा घोटाळा फूट-इंचाचा. नकाशात 5'-6" लिहिलं असेल तर ते ५.६ फूट नाही, साडेपाच फूट आहे. म्हणून मी सगळं आधी इंचात आणतो. शीटच्या सेलमध्ये असं टाकलं की काम झालं:

```
=5*12+6
```

आमची खोली नकाशात ८ फूट लांब आणि ५ फूट रुंद, म्हणजे ९६ बाय ६० इंच. पाइप भिंतीत झिरी मारून जातो, त्यामुळे माप गिलाव्याच्या आधीचं, उघड्या भिंतीचं हवं. आमच्याकडे भिंती चिऱ्याच्या. त्या सरळ असतीलच असं नाही, म्हणून बाबांनी दोन्ही बाजू टेपने मोजून खात्री केली.

## उंची कुठून आणायची

उंचीची यादी मेस्त्रींकडून आणि विकत घेतलेल्या वस्तूच्या खोक्यावरच्या चित्रावरून मिळते. आमच्याकडे ठरलेल्या उंच्या अशा: बेसिनचा पॉइंट २४ इंच, जेटचा १८, कमोडच्या टाकीचा १०, वॉल मिक्सरचे दोन्ही पॉइंट ३६ आणि गिझरचे दोन्ही ७२. मिक्सरचा शॉवर त्याच्याच बाहेरच्या दांड्यावर आहे, त्यामुळे त्याच्यासाठी भिंतीत वेगळा पाइप नाही. कमोडच्या टाकीचा पॉइंट मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून कमोड आधी पसंत करा, यादी नंतर.

या उंच्या तयार फरशीपासून मोजायच्या असतात आणि पाइप टाकताना तर फरशी नसतेच. आमच्याकडे कच्ची जमीन तयार फरशीपेक्षा ४ इंच खाली होती. कच्च्या जमिनीपासून १० इंचावर पॉइंट काढला असता, तर फरशी बसल्यावर तो ६ इंचावर आला असता आणि टाकीची नळी वेडीवाकडी वळली असती. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी भिंतीवर लेव्हलची रेघ मारून घ्या आणि सगळ्या उंच्या त्या रेघेवरून मोजा.

## प्रत्येक बिंदूला तीन आकडे

आता खोलीचा एक कोपरा शून्य धरा. मी आंघोळीच्या बाजूचा कोपरा धरला, कारण टाकीची लाइन तिथूनच खाली येते. तिथून लांब भिंतीवरचं अंतर म्हणजे पहिला आकडा, आखूड भिंतीवरचं अंतर दुसरा आणि फरशीपासूनची उंची तिसरा. गेममध्ये एखाद्या वस्तूची जागा तीन आकड्यांनी ठरते, तसंच.

आमची रचना शब्दांत सांगतो. टाकीची लाइन आखूड भिंतीत, कोपऱ्यापासून ६ इंचावर, ९६ इंच उंचीवरून उभी खाली येते. ८४ उंचीवर तिच्यातून गिझरचा फाटा निघतो. ३६ उंचीवर मिक्सरचा फाटा निघतो. १८ उंचीवर लाइन वळते, कोपऱ्यातून लांब भिंतीवर जाते आणि त्याच उंचीने जेट, कमोड आणि शेवटी बेसिनपर्यंत पोचते. गरम लाइन वेगळी आणि छोटी: गिझरमधून खाली आणि मग आडवी मिक्सरला.

मिक्सरसमोर उभं राहिलं की गरम पाणी डाव्या हाताला आणि थंड उजव्या हाताला, अशी पद्धत आहे. दोन पॉइंटमध्ये ६ इंच. आमची थंड लाइन उजव्या कोपऱ्यातून येत असल्यामुळे दोन्ही पाइप एकमेकांना कुठेच ओलांडत नाहीत. तुमच्या नकाशात ते ओलांडत असतील तर मेस्त्रींशी आधी बोला. चिऱ्याच्या भिंतीत एकावर एक दोन पाइप घालायचे म्हणजे झिरी दुप्पट खोल आणि चिरा ढासळायची भीती.

पाइप भिंतीत काटकोनातच वळतो, तिरका जात नाही. त्यामुळे दोन बिंदूंमधलं सरळ अंतर उपयोगाचं नाही. तिन्ही दिशांतले फरक वेगवेगळे मिळवायचे असतात. शीटमध्ये एका ओळीत एक तुकडा लिहा. B, C, D मध्ये सुरुवातीचे तीन आकडे, E, F, G मध्ये शेवटचे तीन आणि H मध्ये लांबी:

```
=ABS(E2-B2)+ABS(F2-C2)+ABS(G2-D2)
```

शेजारच्या I कॉलममध्ये ही तपासणी टाका:

```
=(E2<>B2)+(F2<>C2)+(G2<>D2)
```

याचं उत्तर प्रत्येक ओळीत 1 यायलाच हवं. 2 आलं तर तो तुकडा दोन दिशांना जातोय, म्हणजे मध्ये एक वळण आहे आणि तिथला एल्बो तुम्ही विसरलात. माझ्या पहिल्या यादीत हेच झालं होतं. मी "मेन लाइन ते गिझर" असा एकच तुकडा धरला होता. प्रत्यक्षात तो आधी आडवा जातो आणि मग खाली उतरतो.

## आमचे १४ तुकडे

| क्र. | तुकडा | इंच |
|---|---|---|
| १ | वरून खाली, ९६ ते ८४ (यात व्हॉल्व्ह) | १२ |
| २ | खाली, ८४ ते ३६ | ४८ |
| ३ | खाली, ३६ ते १८ | १८ |
| ४ | आडवा, कोपऱ्यापर्यंत | ६ |
| ५ | कोपरा ते जेट | ३६ |
| ६ | जेट ते कमोड | २० |
| ७ | कमोड ते बेसिनखाली | २२ |
| ८ | बेसिनला वर, १८ ते २४ | ६ |
| ९ | गिझरकडे आडवा | ४० |
| १० | गिझरला खाली, ८४ ते ७२ | १२ |
| ११ | मिक्सरच्या थंडला आडवा | २१ |
| १२ | कमोडला खाली, १८ ते १० | ८ |
| १३ | गरम: गिझरपासून खाली, ७२ ते ३६ | ३६ |
| १४ | गरम: मिक्सरला आडवा | १७ |

बेरीज ३०२ इंच, म्हणजे २५ फूट २ इंच. आता यातले फक्त आडवे तुकडे मिळवा: ६, ३६, २०, २२, ४०, २१ आणि १७. ते झाले १६२ इंच, साडेतेरा फूट. नकाशात दिसतात ते एवढेच. उरलेले १४० इंच, म्हणजे जवळपास अर्धा पाइप, भिंतीत वरखाली जातो आणि कागदावर त्याचा फक्त ठिपका दिसतो. मला २ लेंथ पुरतील असं वाटलं ते यामुळेच.

## "दहा फुटी" पाइप दहा फुटाचा नसतो

दुकानात सीपीव्हीसीच्या पाइपला सवयीने दहा फुटी म्हणतात. आम्हाला मिळालेला पाइप ३ मीटरचा होता. ३ मीटर म्हणजे ११८ इंच, दहा फूट म्हणजे १२०. एका पाइपला २ इंचाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण यादी काठावर असली की तोच नडतो. ५ मीटरचे पाइपही मिळतात, म्हणून पाइपवर छापलेली लांबी बघूनच भागाकार करा:

```
=ROUNDUP(SUM(H2:H15)/118,0)
```

आमचं उत्तर 3. पण हा कमीत कमी आकडा आहे. एकूण लांबी पुरली तरी तुकडे त्यात बसतीलच असं नाही. ८० इंचाचे तीन तुकडे हवे असतील तर एकूण २४० इंच, गणिताने ३ पाइप. तिथे ठीक. पण तेच ६० इंचाचे सहा तुकडे असतील तर एकूण ३६० इंच. भागाकार सांगतो ४ पाइप आणि प्रत्यक्षात लागतात ६, कारण ११८ मध्ये ६० चा तुकडा एकदाच बसतो. मध्ये जोड देऊन भागवता येतं, पण भिंतीत गाडलेला प्रत्येक जास्तीचा जोड ही गळतीची एक जास्तीची जागा असते.

म्हणून कापायच्या आधी तुकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि प्रत्येक तुकडा जिथे बसेल त्या पहिल्या पाइपमध्ये टाका. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी हा प्रश्न वेगळ्या नावाने सोडवलेला असेल. आमचे तुकडे असे बसले:

पहिल्या पाइपमध्ये ४८, ४० आणि २२, एकूण ११०. दुसऱ्यात ३६, ३६, २१ आणि २०, एकूण ११३. तिसऱ्यात १८, १७, १२, १२, ८, ६ आणि ६, एकूण ७९. आठचा तुकडा पहिल्या पाइपमध्ये अगदी काठोकाठ बसत होता, पण करवतीलाही जागा लागते, म्हणून तो तिसऱ्यात टाकला. एकही जास्तीचा जोड न देता तिसऱ्या पाइपमधले ३९ इंच उरतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा: ही सगळी अंतरं फिटिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंतची आहेत. पाइप मध्यापर्यंत जात नाही, सॉकेटच्या आतल्या कडेला अडतो. पाऊण इंची एल्बोमध्ये ही उरलेली जागा साधारण अर्धा इंच असते, म्हणजे दोन्ही टोकं मिळून तुकडा साधारण एक इंच आखूड कापायचा. खरेदीच्या यादीत मी ही वजाबाकी करत नाही, ती कापताना चुकीला वाव म्हणून राहू देतो. मात्र कापताना ती विसरलात तर पॉइंट सरकेल आणि मिक्सरला दोन पॉइंटमध्ये ६ इंच मिळणार नाहीत.

## फिटिंग मोजायची नाहीत, वळणं मोजायची

टीची संख्या सगळ्यात सोपी. एका लाइनमधून पाणी आत येतं आणि ते जेवढ्या पॉइंटना जातं, त्यापेक्षा टी नेहमी एकने कमी लागतात. प्रत्येक टी एका वाटेच्या दोन वाटा करते, म्हणून. आमच्या थंड पाण्याचे पॉइंट ५: बेसिन, कमोड, जेट, मिक्सर आणि गिझर. म्हणून टी ४. गरम लाइनला पॉइंट एकच, मिक्सर, म्हणून टी शून्य. ही एकच गोष्ट मी पहिल्या वेळीही बरोबर काढली होती.

यातली एक टी वेगळी. जेटचा पॉइंट आडव्या लाइनच्याच उंचीवर आहे, त्यामुळे तिथे खाली किंवा वर फाटा नको. तिथे ब्रास टी लागते. तिच्या दोन बाजूंना पाइप चिकटतो आणि खोलीकडच्या तोंडाला पितळी आटे असतात. तर साध्या टी ३, ब्रास टी १.

साधे एल्बो वळणांवर: मेन लाइन खाली वळते तिथे, कोपऱ्यात, बेसिनखाली, गिझरच्या वर आणि गरम लाइनच्या वळणावर. एकूण ५. यातला फक्त कोपऱ्यातला एल्बो वरून पाहिल्यावर वळण म्हणून स्पष्ट दिसतो.

ब्रास एल्बो जिथे लाइन संपते आणि नळ बसतो तिथे: बेसिन, कमोड, मिक्सरचे दोन, गिझरचे दोन. एकूण ६. आमचा सगळा पाइप पाऊण इंची आणि नळांचे आटे अर्धा इंची, म्हणून हे "पाऊण बाय अर्धा" मागायचे. ब्रास टीसुद्धा तशीच. दुकानात हे सांगायला विसरलात तर अर्ध्या इंची पाइपचे एल्बो हातात येतात आणि ते घरी आल्यावरच कळतं.

सगळ्यात वर एक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे बाथरूमचं काम निघालं तर अख्ख्या घराचं पाणी बंद करायला नको.

## यादी बरोबर आहे का, हे सामान आणायच्या आधी कसं कळेल

हा भाग मला सगळ्यात आवडतो. पाइपच्या प्रत्येक तुकड्याला दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोक कुठल्यातरी फिटिंगच्या तोंडात जायलाच हवं. मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा आणि जुळतात का बघा.

आपले तुकडे १४. पहिल्या तुकड्यात व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे त्याचे दोन होतात. एकूण १५ तुकडे, म्हणजे ३० टोकं.

आता तोंडं मोजू. ५ एल्बोंची प्रत्येकी दोन म्हणजे १०. ३ साध्या टींची प्रत्येकी तीन म्हणजे ९. ब्रास टीची पाइपकडची २, कारण तिसऱ्या तोंडात नळ बसतो. ६ ब्रास एल्बोंचं प्रत्येकी एक म्हणजे ६. व्हॉल्व्हची २. एकूण २९. उरलेलं एक टोक वरून येणाऱ्या टाकीच्या लाइनला जोडलं जातं. झाले ३०. जुळलं.

माझी पहिली यादी अशी तपासली असती तर एल्बो २ धरल्यामुळे ६ टोकं मोकळी राहिली असती. ३ एल्बो कमी आहेत, हे मला पुण्यात बसूनच कळलं असतं.

## जास्तीचं काय घ्यायचं आणि का

सीपीव्हीसीचा जोड सोल्युशनने लागतो आणि काही सेकंदांत धरतो. तोंड चुकीच्या दिशेला बसलं तर तो काढता येत नाही. पाइप कापून टाकायचा, फिटिंग फेकायचं आणि मधली जागा कपलरने भरायची. म्हणून २ एल्बो, १ टी आणि २ कपलर जास्तीचे. आमच्याकडे एक एल्बो असाच गेला. पाइपचे उरलेले ३९ इंच हीच पाइपची शिल्लक, चौथी लेंथ लागत नाही.

अर्धा इंची डमी ७ लागतात, म्हणजे सगळे ब्रास एल्बो आणि ब्रास टी. नळ लागेपर्यंत तोंडं बंद राहतात आणि टेस्टिंग करता येतं.

चिऱ्याच्या भिंतीसाठी आणखी एक. चिऱ्याचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे गिलावा कुठे पातळ तर कुठे जाड लागतो, आणि त्यावर टाइल. शेवटी काही ब्रास एल्बो टाइलपेक्षा आत राहतात आणि नळाचे आटे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. त्यासाठी अर्धा इंची एक्स्टेन्शन निपल ४ घेऊन ठेवले. त्यातले ३ लागले.

गिझर आणि भिंतीतला पॉइंट यांच्यामध्ये दोन कनेक्शन पाइप येतात. गिझरला सीपीव्हीसी थेट चिकटवत नाहीत. थंड लाइनसाठी कुणी साधा पांढरा पीव्हीसी सुचवेल, स्वस्त पडतो म्हणून. गरम लाइनला तो अजिबात चालत नाही, आणि एकाच बाथरूममध्ये दोन जातीचे पाइप, दोन जातींची फिटिंग आणि दोन सोल्युशन आली की चुकीची गोष्ट चुकीच्या जागी लागते. आम्ही सगळं सीपीव्हीसीच घेतलं.

## हा हिशोब कुठे पुरत नाही

सांडपाण्याला हा हिशोब लावू नका. तिथे पाणी स्वतःच्या वजनाने वाहतं, त्यामुळे उतार लागतो, काटकोनी वळणं टाळायची असतात आणि पाइप जमिनीखाली बाहेर कुठपर्यंत जातो हे बाथरूमच्या नकाशात दिसतच नाही. तिथे लागणाऱ्या नहाणी ट्रॅपचं नाव मात्र आपल्या न्हाणीवरूनच आलंय.

टाकीपासून बाथरूमपर्यंतची लाइनही यात नाही. टाकीची जागा ठरली की तीच शीट तिलाही लागू होते: तीन आकडे, एका ओळीत एक तुकडा. आणि मेस्त्री जागेवर रस्ता बदलू शकतात. आमच्याकडे खिडकीच्या चौकटीखाली मोठा चिरा ढिला निघाला असता तर आडवी लाइन वर घ्यावी लागली असती. म्हणून शीट कापायला सुरुवात व्हायच्या आधी मेस्त्रींना दाखवा, "असंच नेणार ना?" विचारा आणि बदल असेल तर आकडे तिथेच बदला.

सगळे जोड लागल्यावर, सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला सुकायचा वेळ गेल्यावर, डमी लावून लाइनमध्ये पाणी भरा आणि पंपाने दाब द्या. काटा खाली येत असेल तर कुठेतरी गळतंय. तो जोड गिलाव्याआधी सापडला तर एका एल्बोचं काम, टाइल लागल्यावर सापडला तर भिंत फोडायचं.

टेस्टिंग झालं की गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा, टेप उघडी करून भिंतीला लावलेली दिसली पाहिजे. बाबांनी काढलेले ते चार फोटो मी शीटच्या लिंकसोबत घरच्या ग्रुपवर पिन करून ठेवलेत. मागच्या महिन्यात आजीला धरायला दांडा बसवायचा होता. कारागीर ड्रिल घेऊन मिक्सरच्या डाव्या बाजूला, फरशीपासून तीन फुटांवर भोक पाडायला निघाला होता. तिथूनच १४ नंबरचा तुकडा जातो, गरम पाण्याचा. बाबांनी फोटो दाखवला आणि दांडा एक फूट खाली बसला.